कोण कुठे थांबणार? नागपूर ते चिखलदरा, आठ मोटारसायकली आणि टाकीवरची एक चिठ्ठी

आमच्या आठही गाड्यांच्या टाकीवर निघण्याआधी एक चिठ्ठी चिकटते. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, वरून पारदर्शक टेप. ऑगस्टातली चिठ्ठी अशी होती:

वाडीपुढचा पंप, निघायचं ५:३०
कोंढाळी ओलांडल्यावर डावीकडचा ढाबा, ६:२०
तळेगाव ओलांडल्यावर, ७:२५ (नाश्ता)
मोजरी, ८:२०
वलगाव ओलांडल्यावर, ९:१५
परतवाडा, धामणगाव गढीच्या रस्त्याला लागण्याआधी, १०:१०
चिखलदरा बसस्टँड, ११:१५

खाली तीन ओळी. "बडनेरा किंवा अकोला दिसलं तर चुकला." "घटांग किंवा सेमाडोह दिसलं तर चुकला." आणि एक फोन नंबर, जो आमच्यापैकी कोणाचाच नाही.

हा लेख म्हणजे या चिठ्ठीतल्या प्रत्येक ओळीमागचं कारण. ही चिठ्ठी नव्हती तेव्हा आम्ही नऊ जण याच रस्त्यावर चार ठिकाणी विखुरलो होतो. एक जण अमरावतीच्या अलीकडे बायपासने सरळ निघून गेला, त्याला शोधायला तिघं मागे फिरले, त्या तिघांना शोधायला एक जण, आणि उरलेले आम्ही भलत्याच चौकात उन्हात उभे. "तू कोठी आहेस बे?" "मी तं पुढं निघून आलो, तुम्ही कोठी हाय?" असं तीन तास चाललं. गाडी कोणाची बिघडली नव्हती, पडलं कोणी नव्हतं. फक्त कोण कुठे थांबणार हे ठरलेलं नव्हतं.

आधी रस्ता, आणि तो गावांच्या नावांनी

"अमरावतीवरून चिखलदरा" एवढं बोलून रस्ता ठरत नाही. दोन ठिकाणी तो फुटतो, आणि दोन्ही ठिकाणी मोबाइल आठ जणांना आठ सल्ले देऊ शकतो. त्याच्याही आधी समृद्धीचा विषय मिटवा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा चारचाकीवर ठेवलेला असेल तर तो खुशाल तिकडे ओढतो आणि वेळही चारचाकीची दाखवतो. म्हणून आदल्या रात्री प्रत्येकाने नकाशात दुचाकीचं चिन्ह निवडलंय का ते बघतो. आमचा रस्ता जुनाच, राष्ट्रीय महामार्ग ५३: वाडी, गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोजरी, नांदगाव पेठ.

पहिला फाटा नांदगाव पेठेच्या पुढे. एक रस्ता अमरावती शहराला बगल देऊन बडनेरा-अकोल्याकडे जातो, दुसरा शहरात शिरतो. आपल्याला शहरातून वलगाव, आसेगाव करत परतवाडा गाठायचं असतं. दुसरा फाटा परतवाड्यात. तिथून चिखलदऱ्याला दोन घाटरस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि एक घटांगवरून. दोन्ही वर पोचतात. अडचण हीच की दोन्ही पोचतात, त्यामुळे चुकलेल्या माणसाला आपण चुकलोय हे कळतच नाही. तो शांतपणे वर जाऊन बसतो आणि खाली सात जण त्याला दरीत शोधत असतात.

म्हणून चिठ्ठीवर जायच्या गावांइतकीच न जायच्या गावांची नावं महत्त्वाची. दिशेचा अंदाज फसतो, पाटी फसवत नाही. "सेमाडोह" ही पाटी दिसली की नव्या मुलालाही कळतं, आपण दुसऱ्या घाटाला लागलो.

थांबा गर्दीनंतर, पण फाट्याआधी

थांब्याच्या जागा निवडताना बहुतेक जण चहा कुठे चांगला मिळतो ते बघतात. आम्हीही बघतो, पण नंतर. आधी बघायचं की गट कुठे तुटणार आहे. तो दोन कारणांनी तुटतो. सिग्नल, बाजार, टोलनाका इथे वेळेमुळे तुटतो: पुढचे निघून जातात, मागचे लाल दिव्यात अडकतात. फाट्यावर तो दिशेमुळे तुटतो. पहिल्या प्रकारात थांबा गर्दीच्या पलीकडे हवा, म्हणजे अडकलेले हळूहळू येऊन मिळतात. दुसऱ्या प्रकारात थांबा फाट्याच्या अलीकडे हवा, म्हणजे अवघड वळण सगळे एकत्र घेतात. कोंढाळी, तळेगाव, वलगाव ही "ओलांडल्यावर"ची ठिकाणं आहेत. मोजरी आणि परतवाडा ही "आधी"ची. मोजरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे, जागा सगळ्यांना ठाऊक, आणि बायपासच्या फाट्याला अजून अंतर असतं. तिथे पाच मिनिटं थांबून एकदा मोठ्याने म्हणायचं, "आता शहरात शिरायचं आहे." एवढंच.

सुरुवातही याच हिशेबाने. पूर्वी आम्ही रविनगर चौकात जमायचो. वाडी ओलांडेपर्यंतच्या सिग्नलांमध्ये आठाचे तीन गट होऊन जायचे. आता प्रत्येक जण आपापल्या घरून, टाकी रात्रीच भरून, वाडीपुढच्या पंपावर येतो. शहर ज्याचं त्याने पार करायचं.

जागा पक्की करताना तीन गोष्टी बघतो. ती जायच्या दिशेला डाव्या हाताला हवी, कारण चौपदरी रस्त्यावर दुभाजकापलीकडचा ढाबा कितीही चांगला असला तरी आपल्यासाठी तो दुसऱ्या गावात आहे. गाड्या रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर नाही, पूर्ण बाहेर उभ्या राहतील एवढं अंगण हवं. आणि उड्डाणपुलाचा घोळ नको. गावाजवळ चौपदरी रस्ता पुलावरून जातो आणि सर्व्हिस रोड खालून. थांबा खाली गावात असेल तर वरून गेलेल्याला तो दिसतही नाही. म्हणून आमचे थांबे पूल उतरून दोन्ही रस्ते एकत्र आल्यानंतरचे. कोणत्या गावात वरून जायचं आणि कुठे खालून, हेही आदल्या रात्रीच ठरतं.

दोन थांब्यांमधलं अंतर किती? मोकळ्या महामार्गावर ५० किलोमीटरच्या आसपास ठीक जमतं, म्हणजे तासाभरात सगळे पुन्हा एकमेकांना दिसतात. पेट्रोलचा हिशेब सर्वांत कमी जाणाऱ्या गाडीवर करायचा. अमरावतीला सगळ्यांनी भरायचं, ज्याची टाकी अर्धी आहे त्यानेही. मग घाटात कोणाचं रिझर्व्ह लागलं हा प्रश्न येत नाही.

मागे पडलेल्याने पाठलाग करायचा नाही

इथे एक साधं गणित आहे आणि ते कळलं की अर्धी भीती जाते. समजा गट ताशी ७० ने चाललाय आणि टोलनाक्याच्या गर्दीत सहा नंबरचा ३ मिनिटं अडकला. अंतर पडलं साडेतीन किलोमीटर. आता त्याने ८० ने दामटून गाठायचं ठरवलं, तर दर तासाला तो फक्त १० किलोमीटर भरून काढतो. साडेतीन किलोमीटर भरायला २१ मिनिटं आणि २८ किलोमीटर लागतात. एवढा वेळ हा मुलगा आपल्या सवयीपेक्षा जास्त वेगाने, एकटा, ट्रकांच्या मधून, नजर लांब पुढे लावून चाललेला असतो. आणि तो ७० नेच आला असता तर? थांब्यावर बाकीच्यांनी त्याची ३ मिनिटं वाट बघितली असती. चहा ओतून होत नाही तेवढ्यात.

म्हणून आमचा पहिला नियम: पुढचे दिसेनासे झाले तरी वेग तोच. पुढच्याने मागे वळून शोधायचं नाही, मागच्याने गाठायचं नाही. दोघांनाही पुढचा थांबा माहीत आहे.

आरसे बघायचेच, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. सकाळी आपण पश्चिमेला जातो, सूर्य पाठीशी असतो आणि कोंढाळीच्या पुढे तासभर आरशात नुसती तिरीप असते. मागच्याचा दिवाही त्यात हरवतो. "मागचा दिसत नाही म्हणून थांबलो" असं रस्त्याच्या कडेला उभं राहून म्हणणारा माणूस त्या वेळी सगळ्यात धोक्याच्या जागी उभा असतो.

लीड, स्वीप आणि मधले

सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप. लीड रस्ता माहीत असणारा असावा, हे सगळे सांगतात. मी स्वीपकडे जास्त बघतो. गटातला सर्वांत शांत, पंक्चरचं सामान सोबत असलेला आणि कोणालाही ओव्हरटेक करायचा मोह नसलेला माणूस स्वीपला हवा. त्याचं एकच काम: सगळे आपल्या पुढे आहेत ना, ते बघायचं. जो थांबेल त्याच्यापाशी स्वीप थांबतो, बाकी कोणी थांबत नाही. दोन गाड्या कडेला उभ्या असणं पुरेसं आहे, आठ गाड्यांची जत्रा नको.

मोकळ्या रस्त्यावर आम्ही झिगझॅग रांगेत चालतो, एक डाव्या बाजूला, दुसरा उजव्या, आणि आपल्या सरळ पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर. पुढचा एखाद्या दगडापाशी आला की मोजायला लागा, एक हजार एक, एक हजार दोन, तेवढ्यात तुम्ही तिथे पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हेच अंतर दुप्पट. घाटात झिगझॅग बंद, एकामागे एक.

नवा मुलगा महामार्गावर लीडच्या मागे ठेवतो, म्हणजे गटाचा वेग आपोआप त्याचा होतो. पण अमरावती शहरात हीच रचना अंगाशी येते, कारण तिथे आम्ही वळणावर माणूस सोडतो. लीड वळण्याआधी डाव्या हाताने बाजूची जागा दाखवतो, दोन नंबरचा तिथे थांबतो. चौकाच्या तोंडावर नाही, वळून थोडं पुढे, जिथून मागचे त्याला बघतील आणि तो कोणाच्या वाटेत येणार नाही. येणाऱ्यांना हात दाखवत राहतो, शेवटी स्वीप आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. आता जो तीन नंबर होता तो दोन नंबर झाला. पुढच्या वळणावर तो थांबेल. या पद्धतीत सगळे एकेक वळण सांभाळतात आणि शहरात एकमेकांच्या नजरेत राहण्याची गरजच उरत नाही.

पण नवा मुलगा दोन नंबरला असेल तर अनोळखी शहरात पहिल्याच वळणावर त्यालाच उभं राहावं लागेल. म्हणून मोजरीला रांग बदलतो आणि त्याला स्वीपच्या लगेच पुढे पाठवतो. सोडलेला माणूस स्वीप येईपर्यंत हलत नाही, हा नियम मोडला की सगळंच कोसळतं. एकदा आमच्यातल्या एकाला वाटलं, सगळे गेले. मोजायला चुकला होता. तेव्हापासून मोजायचं नाही, फक्त स्वीपची वाट बघायची. स्वीपच्या हेल्मेटवर पिवळी चकाकणारी पट्टी असते.

थांब्यावर कोण नाही, यावरून काय झालं ते कळतं

हे मला सर्वांत उशिरा समजलं आणि सर्वांत कामाला आलं. थांब्यावर पोचल्यावर आठ आकडे मोजायचे. प्रत्येक जण आपला नंबर मोठ्याने बोलतो. कोणी कमी असेल तर पहिला प्रश्न एकच: स्वीप आलाय का?

स्वीप आलेला नाही. म्हणजे तो बहुधा कोणापाशी तरी थांबलाय. हरवलेला एकटा नाही. घाई करायची नाही. थांब्यावर १५ मिनिटं थांबायचं, मग चिठ्ठीवरच्या नंबरला फोन. तरी काही कळलं नाही, तर दोघांनी मागे जायचं, योग्य ठिकाणी वळून, समोरून येणाऱ्या रस्त्यावर उलट घुसून नाही. बाकी सगळे जागेवर.

स्वीप आलाय, पण चार नंबर नाही. ही वेगळी गोष्ट. म्हणजे चार नंबर रस्त्यातून निघून गेला आणि स्वीपला दिसला नाही. एक तर तो चुकून दुसऱ्या रस्त्याला लागला, किंवा थांबा ओलांडून पुढे गेला, किंवा रस्त्याच्या कडेला खाली आहे. तिसरी शक्यता असते म्हणून इथे १५ मिनिटं थांबत नाही. स्वीपने सांगायचं, शेवटचा कुठे दिसला. फोन लगेच. महामार्गावर फाटा आधी तपासायचा. घाटात मात्र दोघं ताबडतोब मागे जातात, सावकाश, नजर कड्यावर आणि कठड्यावर, टायरच्या खुणेवर. कोणी पडलेलं दिसलं तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही महामार्ग मदतीची ओळ आहे. जागा सांगताना गावाच्या नावासोबत कडेच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि कोणत्या दिशेची बाजू, हे दोन्ही सांगा. ते नसेल तर गाडी शोधत फिरते.

तो एक फोन नंबर

चालत्या गाडीवरच्या माणसाला फोन करून काही उपयोग नाही. त्याचा फोन जॅकेटच्या आत असतो, तो उचलत नाही, मग समोरचा दहा वेळा लावतो, मग बॅटरी संपते. म्हणून आमच्या चिठ्ठीवरचा नंबर नागपुरात घरी बसलेल्या माणसाचा. सध्या तो मान माझ्या वहिनीकडे आहे. ज्याला काही सांगायचं आहे तो थांबून तिला सांगतो, ज्याला विचारायचं आहे तोही तिलाच विचारतो. आठ जण एकमेकांना लावत बसले की कोणाचाच फोन मोकळा नसतो. तिच्याकडे आठही जणांचे गाडी नंबर, रक्तगट आणि घरचा एक नंबर लिहिलेला असतो.

लाइव्ह लोकेशन आम्हीही चालू करतो. पण परतवाड्याच्या पुढे मेळघाटात नेटवर्क जागोजागी जातं, आणि नकाशावरचा ठिपका शेवटच्या ठिकाणी गोठून राहतो. थांबलेला ठिपका म्हणजे थांबलेला माणूस असं समजून एकदा आम्ही उगाच धावाधाव केली. ठिपक्याखाली तो किती मिनिटांपूर्वीचा आहे हे आधी बघा.

ऑगस्टात काय झालं

कोंढाळीला आठही आले. पण तळेगावला सहाच. सहा नंबर नाही आणि आठ नंबर, म्हणजे स्वीप, नाही. वर सांगितलं तसं: स्वीप नाही, म्हणून घाई नाही. नाश्ता मागवला. तर्री-पोह्याची प्लेट येईस्तोवर वहिनीचा मेसेज, सहाच्या मागच्या चाकात खिळा, कारंज्याच्या अलीकडे, स्वीप सोबत आहे. ट्यूबलेस टायर होतं, स्वीपकडे पंक्चरच्या दोऱ्या आणि छोटा पंप. ३५ मिनिटांनी दोघं आले. कोणी मागे गेलं नाही, कोणी वेग वाढवला नाही. पुढच्या सगळ्या वेळांत फक्त अर्धा तास मिळवला आणि वहिनीला नवीन वेळा सांगितल्या.

वलगावला मात्र स्वीप आला आणि चार नंबर आला नाही. मोजरीला बजावून सांगितलेलं असूनही फाट्यावर एक ट्रक मध्ये आला, त्याला लीड दिसला नाही, तो बायपासला लागला. पुढे काय करायचं ते मात्र त्याला माहीत होतं. बडनेऱ्याची पाटी दिसली. तिथेच उलटा वळला नाही, पट्ट्यावर थांबला नाही. पुढे जाऊन बडनेऱ्याकडून शहराकडे वळायला रीतसर वाट मिळाली तिथे वळला, एका पंपावर उभं राहून वहिनीला सांगितलं, "मी चुकलो, शहरातून वलगावला येतो." आम्ही फोन केला तेव्हा तिच्याकडे उत्तर तयार होतं. त्याला यायला पाऊण तास लागला. कोणी त्याला आणायला गेलं नाही, कारण अनोळखी शहरात दोन हलणारी माणसं एकमेकांना सापडत नाहीत. एकाने जागेवर राहायचं, एकाने यायचं. राहणारे आम्ही.

परतवाड्याला पोचेपर्यंत बारा वाजत आले होते. तिथे शेवटचं बोलणं, कारण पुढे फोनचा भरवसा नाही. धामणगाव गढीवरून जायचं. एकामागे एक, ज्याने त्याने आपल्या वेगाने, वळणावर थांबायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. मागचा दिसला नाही तरी वर जायचं. पावसाळ्यात वरती धुकं इतकं उतरतं की पुढच्याचा मागचा दिवा हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर अचानक उगवतो. अशा वेळी गटाला चिकटून राहण्याचा प्रयत्न हाच अपघात. आणि चुकून घटांगच्या रस्त्याला लागलात तर परत फिरू नका. घटांगला चिखलदऱ्याकडे वळा, सेमाडोहच्या दिशेने सरळ जाऊ नका, आणि बसस्टँडवर येऊन बसा. वर पोचल्यावर ज्याला पहिल्यांदा नेटवर्क मिळेल त्याने वहिनीला आकडा कळवायचा: आठ.

पावसाळ्यातल्या रविवारी चिखलदऱ्यावर इतक्या गाड्या असतात की बसस्टँडलाही उभं राहायला जागा नसते. त्यामुळे आता आम्ही शनिवारीच जातो.

परतीची चिठ्ठी वेगळी लिहावी लागते. जातानाचे सगळे ढाबे आता दुभाजकाच्या पलीकडे असतात, "कोंढाळी ओलांडल्यावर"चा अर्थ उलटा होतो, आणि अमरावतीच्या गर्दीनंतरचा थांबा नांदगाव पेठेच्या पुढे येतो. संध्याकाळी सूर्य पुन्हा पाठीशी, आरशात पुन्हा तीच तिरीप. ती चिठ्ठी आम्ही वर, जेवण झाल्यावर, हॉटेलच्या बिलामागे लिहितो आणि आठ जणांच्या टाकीवर सकाळच्या चिठ्ठीवरच डकवतो.